म्हाळाच्या पानापाशी म्हणायची घरची प्रार्थना

अनंत चतुर्दशीला गणपती गेले, पौर्णिमा सरली की भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून पितृपंधरवडा लागतो. घरोघर कॅलेंडर उतरवून तिथ्या पाहिल्या जातात. आजोबांची पंचमी, सवाष्ण गेलेल्या आजीची अविधवा नवमी, आणि ज्यांची तिथी कुणालाच आठवत नाही त्यांची सर्वपित्री अमावास्या. कुठे याला महालय म्हणतात, कुठे म्हाळ, कुठे नुसतंच ‘पितरं जेवू घालायची आहेत’ असं सांगतात. ज्या घरी गुरुजी येतात तिथे तास-दीड तास संस्कृत चालतं. ‘पाणी सोडा’ म्हटलं की यजमान पाणी सोडतो, ‘नाव घ्या’ म्हटलं की नाव घेतो. बाकीची मंडळी स्वयंपाकघरात वड्यांच्या आणि खिरीच्या मागे असतात. ज्या घरी गुरुजी येत नाहीत तिथे फोटोला हार घालून, नैवेद्य दाखवून, कावळ्याला घास ठेवून पंगत बसते.

दोन्ही तऱ्हेच्या घरांत हल्ली एक इच्छा ऐकू येते. आपल्या माणसांविषयी आपल्या भाषेत चार वाक्यं म्हणावीत, म्हणजे मुलांनाही कळेल की आज कोणाची आठवण काढतो आहोत. कागद समोर घेतला की मात्र हाताखाली वर्तमानपत्रातली श्रद्धांजली उतरते. ‘काळाने घाला घातला’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’, ‘आम्ही पोरके झालो’. वाचणाऱ्याचा गळा दाटतो, ऐकणारे खाली बघतात आणि सणासारखा रांधलेला स्वयंपाक दुखवट्याच्या जेवणासारखा होऊन बसतो.

या पंधरवड्याची भाषा ही नव्हे. आणि हे काही आजच्या काळाला साजेसं म्हणून केलेलं नवं म्हणणं नाही. श्राद्धाच्या विधीची बांधणीच तशी आहे. तिच्याकडे नीट पाहिलं तर प्रार्थना कशी लिहावी याचा आराखडा तिथेच मिळतो.

दुःखाचे दिवस वेगळे

माणूस गेल्यावरचे पहिले दिवस परंपरेनं शोकासाठीच राखून ठेवले आहेत. त्या काळात गेलेल्याला ‘प्रेत’ म्हणतात. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात त्याच्या नावाच्या पिंडाचे तीन भाग करतात आणि ते त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळतात. त्या क्षणापासून तो एकटा राहत नाही, पितरांच्या रांगेत जाऊन बसतो. बऱ्याच घरांत पहिल्या वर्षी त्याचा महालय करत नाहीत, तेही याच हिशेबानं. पितृपंधरवड्यात आपण बोलावतो ते या रांगेतल्यांना. त्यांचा शोक करून झालेला असतो. आता ते वर्षातून एकदा जेवायला येणारे घरचे वडीलधारे असतात.

श्राद्धाचं पान वाढणाऱ्यासाठी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक सूचना आहे. ज्या ग्रंथाचं १९२७ साली महाडला दहन झालं, त्यातलं काय घ्यावं आणि काय टाकावं हे ज्यानं त्यानं ठरवावं. ही सूचना मात्र निव्वळ वाढपाची आहे. पान वाढताना डोळ्यांतून टिपूस काढू नये, रागावू नये आणि खोटं बोलू नये. कारणही दिलं आहे. आसवं गाळली तर ते अन्न पितरांना न मिळता प्रेतांकडे जातं, रागावलं तर शत्रूंकडे आणि खोटं बोललं तर कुत्र्यांकडे.

वाढणाऱ्याला घातलेले हे तीन निर्बंध प्रार्थना लिहिणाऱ्यालाही जसेच्या तसे लागू पडतात. लिहून झालेल्या मजकुरातून आधी आसवं काढायची, मग राग काढायचा आणि शेवटी खोटं काढायचं. हे तिन्ही कसं ओळखायचं ते पुढे बघूच. त्याआधी आराखडा.

विधीतला क्रम

तर्पणाचं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडतात. प्रत्येक वेळी नातं, नाव, गोत्र उच्चारतात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. तशाच आई, आजी, पणजी, आणि आईच्या माहेरच्या तीन-तीन पिढ्या. ही झाली बारा नावं. महालयाचं वैशिष्ट्य असं की यादी इथे थांबत नाही. काका, मामा, आत्या, मावशी, भाऊ, बहीण, सासरे, गुरू, मित्र, सगळ्यांची नावं घेता येतात. त्यानंतर, ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी पाणी सोडतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंधरावं सूक्त पितरांसाठीच आहे. त्यातही आपल्याला माहीत असलेल्या पितरांबरोबर माहीत नसलेल्यांना बोलावलं आहे, आणि माणूस म्हणून आमच्या हातून काही चुकलं असेल तर त्यासाठी आम्हाला इजा करू नका, असं एकदाच, थोडक्यात सांगून टाकलं आहे.

शेवटी मागणं येतं, आणि ते वाचण्यासारखं आहे. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती दोन्हींत ते सापडतं. आमच्यात देणारे वाढोत, ज्ञान आणि संतती वाढो, श्रद्धा आम्हाला सोडून न जावो, देण्यासारखं आमच्याकडे पुष्कळ असो, अशा अर्थाचं ते आहे. परंपरेत त्याला आणखी एक जोड आहे: घरी अन्न भरपूर असो, पाहुणे येवोत, आमच्याकडे मागायला लोक येवोत, आम्हाला मात्र कुणाकडे मागायला लागू नये. पितरांना उदास करणारं यात काहीच नाही. एखाद्या चालत्या घरातून निघालेलं हे मागणं आहे. यानंतर विसर्जन, म्हणजे तृप्त झालेल्या पाहुण्यांना निरोप.

तेव्हा आपल्या प्रार्थनेचे भाग पाच: या म्हणणं, नावानिशी आभार, अनोळखींना जागा, मागणं आणि निरोप. क्रम हाच ठेवावा. निरोपाचं वाक्य लिहायचं बहुतेक जण विसरतात आणि मग प्रार्थना मागण्यावरच थांबते. ऐकणाऱ्याला ते अर्धवट वाटतं, कारण बोलावलेला पाहुणा अजून दारातच उभा असतो.

लांबी दोनशे शब्दांच्या आसपास पुरे. मोठ्यानं, सावकाश वाचायला तेवढ्याला दोन मिनिटं लागतात. पानं वाढलेली असतात, मुलांना भूक लागलेली असते. त्याहून लांबलं की लक्ष आमटीकडे जातं. दोनशे शब्दांत पाच-सहा माणसांना प्रत्येकी एक-दोन वाक्यं मिळतात. बाकीच्यांची नुसती नावं घ्यावीत, त्यात कमीपणा नाही.

नावं कुठे शोधायची

पुरुषांची नावं सहसा सापडतात, अडतं ते बायकांच्या नावांपाशी. पणजीचं नाव विचारलं की घरातली वडील माणसंही एकमेकांकडे बघतात. अशा वेळी शेताचे जुने फेरफार काढून पाहावेत. खातेदार वारल्यावर झालेल्या वारसनोंदीत विधवा पत्नीचं आणि मुलींचं नाव येतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात, त्यात पूर्वी कोण येऊन गेलं त्याची नोंद मिळते. जुनी लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांतूनही एखादं नाव हाती लागतं.

नावापेक्षा महत्त्वाची असते ती माहिती, आणि ती घरातल्या सर्वांत वयस्कर बाईकडे असते. ‘त्या कशा होत्या हो?’ असं विचारलं तर ‘फार चांगल्या होत्या’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘त्या दिवसभर काय करायच्या?’ असं विचारावं. मग चुलीपासून शेजारणीच्या बाळंतपणापर्यंत सगळं बाहेर पडतं. प्रार्थनेला लागणारं वाक्य याच उत्तरात असतं.

एक घर, एक मसुदा

उदाहरणासाठी एक घर कल्पू. मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, आता बिऱ्हाड डोंबिवलीला. वडील यजमान, आणि लिहायचं काम थोरल्या मुलाकडे. त्यानं लिहिलेल्या पहिल्या मसुद्यातली काही वाक्यं अशी:

‘आप्पा, तुम्ही आम्हाला पोरके करून गेलात. तुमच्यामागे घर सुनं झालं. माई म्हणजे त्यागाची मूर्ती, मायेचा सागर. तिच्या शेवटच्या आजारात आम्हीच रात्रंदिवस तिच्याजवळ होतो. नानाकाका, तुम्ही देवमाणूस होतात.’

आधी आसवं. पहिल्या दोन वाक्यांत आप्पांनी केलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जाणं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातलं ते शेवटचं काम, आणि तेच नेमकं आठवणीत आलं. दुःखाचं वाक्य ओळखायची खूण हीच: त्यातलं क्रियापद मरणाचं किंवा मागे राहिलेल्यांच्या हालाचं असतं. त्याच्या जागी जगण्यातलं क्रियापद घालायचं, आणि ते आजपर्यंत आणून पोचवायचं. आप्पा गिरणीत होते, दर महिन्याला गावी मनिऑर्डर करायचे. त्या पैशांवर धाकटी भावंडं शिकली. इथे आभार मानतो असं वेगळं लिहावंही लागत नाही. मनिऑर्डर आणि शिकलेली भावंडं शेजारी ठेवली की ते आपोआप मानले जातात.

‘त्यागाची मूर्ती’ हे दुःखाचं नाही, पण कुठल्याही माईला लागू पडेल असं आहे. ही माई कोणती, हे त्यातून कळत नाही. विचारपूस केल्यावर कळलं ते असं: १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरातला पगार थांबला. गिरणगावात तेव्हा कितीतरी बायका खाणावळी चालवत. माईनंही बारा जणांचे डबे सुरू केले. जेवणाऱ्यांतले बरेच जण स्वतः संपात होते, त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. तरी त्यांच्या ताटातली भाकरी तिनं कमी केली नाही. वहीतली बरीच उधारी तशीच राहिली. हे एवढं सांगितलं की त्यागाची मूर्ती म्हणायची गरज उरत नाही.

मग राग. ‘आम्हीच रात्रंदिवस जवळ होतो’ हे वाक्य वरवर सेवेचं वाटतं. पण म्हाळाला धाकटा भाऊही बायकोमुलांसह आलेला असतो, आणि त्यातला ‘आम्हीच’ त्याला बरोबर लागतो. वाटणी, आजारपण, कोणी किती केलं, हा हिशेब पितरांच्या आडून मांडला जाणार नाही याची काळजी घ्यायची. त्यासाठी सोपी चाचणी आहे. ज्या वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ आहे आणि ज्यात आपलं पुण्य सांगितलं आहे, ते काढून टाकावं. त्याच्या जागी काही घालू नये.

शेवटी खोटं. नानाकाका देवमाणूस नव्हते. दारूपायी त्यांनी आपल्या वाट्याची जमीन विकली हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. देवमाणूस म्हटलं की मोठी माणसं मनात हसतात आणि बाकीच्या प्रार्थनेवरचाही त्यांचा विश्वास उडतो. जमिनीचं लिहिलं तर राग आला. मधला रस्ता म्हणजे एक खरी गोष्ट. नानांनी घरातल्या सगळ्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं. तेवढंच लिहायचं. एखाद्या माणसाविषयी अशी एकही गोष्ट सापडली नाही, तर नुसतं नाव घ्यावं. ज्याच्या नावानं घरातल्या कुणाला अजून त्रास होतो, त्याचं नावही घ्यायची सक्ती नाही. ‘आमच्या घरचे सगळे’ या शब्दांत तो येऊन जातो.

एका ठिकाणी हा नियम सैल ठेवावा. घरातलं लहान मूल किंवा तरुण माणूस गेलेलं असेल, तर त्याच्याकडे आशीर्वाद मागणं कृत्रिम वाटतं आणि बळेच प्रसन्न होणं त्याहून वाईट. त्याचं नाव आणि त्याला काय आवडायचं ते एक वाक्य, इतकंच पुरे. पानात तो पदार्थ असला तर बरंच.

तयार झालेली प्रार्थना

हे सगळं करून त्या घरासाठी जो मजकूर बनला तो असा:

> आमच्या घरच्या पितरांनो, या. पानं वाढली आहेत. तुमच्या नावानं आज सगळे एकत्र जेवणार आहोत.
>
> थोरले बाबा, माणच्या मुरमाड रानात तुम्ही विहीर पाडलीत. तिच्या पाण्यावर आजही आपला हरभरा येतो.
>
> पणजी, तुझं नाव आम्हाला सापडलं नाही. गावात कुणी बाळंत व्हायची असली की रात्री-अपरात्री तुला बोलावणं यायचं, हे आत्यानं सांगितलं. ते आता आम्ही लिहून ठेवलं आहे.
>
> आप्पा, तुम्ही दर महिन्याला गावी मनिऑर्डर केलीत. तिच्यावर जी शिकली, त्यांची नातवंडं आज इथे बसली आहेत.
>
> माई, संपात तू बारा जणांचे डबे केलेस. ज्यांना पैसे देता आले नाहीत त्यांची भाकरी तू कमी केली नाहीस.
>
> नानाकाका, विहिरीत उडी मारायची भीती तुम्ही घालवलीत. या घरातली पोरं पोहतात ती तुमच्यामुळे.
>
> दादा, घाटात गाडी हळू चालवायची, उशिराबद्दल बोलणी आपण खायची, असं तुम्ही आईला सांगायचात. आता आई आम्हाला तेच सांगते.
>
> ज्यांची नावं आमच्याकडे नाहीत, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही, जे माईच्या हातचं जेवून गेले, त्यांनीही या पंगतीला बसावं.
>
> आमचं काही चुकलं असेल तर आपलीच पोरं म्हणून सोडून द्या. या घरात शिकणारी आणि देणारी माणसं होऊ देत. दारात आलेल्याला द्यायला घरात असू दे, आणि आमच्यावर मागायची पाळी न येवो.
>
> पोटभर जेवा. सुखानं जा. पुढच्या भाद्रपदात पुन्हा या.

यात ‘दादा’ म्हणजे आईचे वडील, एसटीचे ड्रायव्हर. यजमानाचे ते सासरे, म्हणून महालयाच्या यादीत त्यांना हक्काची जागा आहे. आजी-पणजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ आहे, कारण त्या घरात जिवंतपणी तसंच बोललं जायचं. सगळ्यांना एकाच ठरावीक आदरार्थी भाषेत बसवलं की घरची माणसं परकी वाटायला लागतात. गोत्र, पूर्ण नाव, कै. वगैरे गुरुजींच्या संकल्पात येऊन गेलेलंच असतं, इथे हाका मारायची नावं चालतात.

मागण्यातही एक पथ्य पाळलं आहे. नोकरी, लग्न, कोर्टातली केस यांचा उल्लेख नाही. पितृदोषाच्या धास्तीनं बरेच जण इथे कामांची यादी देतात, नाहीतर अर्धं पान क्षमा मागत बसतात. मग प्रार्थना अर्जासारखी होते. क्षमेला एक वाक्य आणि मागण्याला दोन, एवढं माप परंपरेतल्या नमुन्याशी जुळणारं आहे.

कधी आणि कोणी म्हणायची

गुरुजींचा विधी असेल तर तो पूर्ण होऊ द्यावा, मध्ये घुसू नये. जेवणाची पानं वाढून झाली की, कावळ्याचा घास गच्चीवर ठेवायच्या आधी, सगळ्यांनी पानांजवळ उभं राहून प्रार्थना म्हणावी. विधी नसेल तर नैवेद्य दाखवल्यावर लगेच. तर्पण कोणी करायचं याचे नियम घराघरांत ठरलेले असतात. या चार वाक्यांना तसला नियम नाही. लेकीनं, सुनेनं, नातीनं म्हटली तरी चालते. ज्याच्या आईवडिलांची आठवण त्यात आहे त्यानं शक्यतो स्वतः म्हणू नये, एक पिढी खालच्याला वाचायला द्यावी. गळा दाटून येण्याचा प्रश्न त्यानं बहुतेक मिटतो.

आदल्या दिवशी एकदा मोठ्यानं वाचून पाहणं मात्र जरूर आहे. वाचताना एखाद्या वाक्यापाशी आवाज अडकला तर तिथे दवाखाना, शेवटचे शब्द, शेवटची भेट यांपैकी काहीतरी राहिलेलं असतं. ते काढावं. ऐकणाऱ्या मुलानं ‘ती विहीर अजून आहे?’ असं विचारलं तर ते वाक्य जमलं असं समजावं, कारण त्याला माणूस दिसला. ते काही न विचारता पानाकडेच बघत बसलं, तर विशेषणं जास्त झाली आहेत.

कागद पंचांगात किंवा कॅलेंडरच्या मागे घालून ठेवावा, वर त्या त्या माणसाची तिथी लिहून. दर वर्षी मजकूर तोच ठेवायची गरज नाही. वर्षभरात एखाद्या नातेवाइकाकडून नवी माहिती कळते, पणजीचं नाव सापडतं, कुणी नवं माणूस या रांगेत जाऊन बसतं. तेव्हा एक वाक्य वाढवायचं आणि एक जुनं कमी करायचं, म्हणजे कागद एका पानाचाच राहतो. कमी केलेलं वाक्य फाडून न टाकता पाठीमागे उतरवून ठेवलं, तर दहा-पंधरा वर्षांत त्या घराचा, कुठल्याही वंशावळीत न सापडणारा, बराचसा इतिहास त्या मागच्या बाजूला जमा झालेला असेल.